ड्रॉबॅकमध्ये दर शिपमेंटला वीस हजार सोडतोय म्हणे आम्ही. खरं आहे का?

उद्यमबागवाला
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे भाग बनवतो. तीन वर्षं झाली, महिन्याला साधारण एक शिपमेंट जर्मनीला जाते. माल ट्रकनं न्हावा शेवाला जातो, तिथला आमचा कस्टम्स एजंट, म्हणजे सीएचए, निर्यातीचं शिपिंग बिल भरतो आणि ड्रॉबॅक, म्हणजे कच्च्या मालावरच्या कस्टम्स ड्युटीचा परतावा, बँकेत जमा होतो. मी आजवर त्यात डोकं घातलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात एक कन्सल्टंट आला. म्हणाला, 'तुम्ही सरकारी टेबलातल्या ठरीव दरानं ड्रॉबॅक घेता, पण तुम्ही खरी भरलेली ड्युटी त्याहून कितीतरी जास्त आहे. ब्रँड रेटला, म्हणजे तुमच्या खऱ्या ड्युटीवरून ठरणाऱ्या दराला, अर्ज करा. दर शिपमेंटला वीस हजार सोडताय.' वर हेही म्हणाला की तीन वर्षांचं मागचंही काढून देतो, जे येईल त्यातले वीस टक्के त्याचे.

आमचे आकडे असे आहेत. एका शिपमेंटचं एफओबी, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतची मालाची किंमत, वीस लाख. त्यात लागणारा अलॉय स्टीलचा बार बाहेरून येतो, त्याची कस्टम्सनं धरलेली किंमत सहा लाख. टेबलातला दर सोयीसाठी दीड टक्का धरा. कुणी हे केलंय का? खरंच एवढं मिळतं का?

टिळकवाडीचा_टग्या
वीस टक्के घेणारा माणूस स्वतःहून दारात आला म्हणजे आधी चहा पाजा, मग दार लावून घ्या.

हिशोबनीस_वडगाव
मी अकाउंट्स बघतो, कस्टम्स नाही, तरी सांगतो. सांभाळून. ड्रॉबॅक घेतला की जीएसटीचा परतावा जातो. आमच्या एका पार्टीचे लाखो रुपये त्यातच अडकले होते. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. एक काहीतरी निवडा.

खानापूर_काजू
जीएसटीचाच विषय निघालाय तर विचारतो. माझा आयजीएसटी रिफंड चार महिने अडकलाय. पोर्टलवर SB005 दाखवतं. कुणाकडे जायचं?

जुना_घाटवाला
हिशोबनीस, तुमच्या पार्टीचं झालं ते खरं आहे, पण ती गोष्ट २०१७ च्या जुलै ते सप्टेंबरमधली असणार. जीएसटी नुकता आला होता आणि ते तीन महिने ड्रॉबॅकचे जुने दोन दर चालू होते. ज्यांनी वरचा दर घेतला त्यांच्या आयजीएसटी परताव्यावर टाच आली. पुष्कळ लोक कोर्टात गेले. १ ऑक्टोबर २०१७ पासून ते संपलं. आता ड्रॉबॅकमध्ये मुख्यतः आयात मालावरची कस्टम्स ड्युटी येते. जीएसटीचा परतावा ही वेगळी वाट आहे. दोन्ही मिळतात, एकानं दुसरं जात नाही.

काजूवाले, SB005 म्हणजे शिपिंग बिलावरचा इन्व्हॉइस नंबर आणि तुमच्या जीएसटी रिटर्नमधला नंबर जुळत नाही. बहुतेक वेळा कुठेतरी एक शून्य किंवा एक तिरकी रेघ जास्त असते. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि अक्षर अन् अक्षर ताडून बघा. कुणाकडे जायच्या आधी एवढं करा.

आता मूळ प्रश्न. उद्यमबागवाले, कन्सल्टंट थापा मारत नाही, पण अर्धंच सांगतोय. मी पंचवीस वर्षं सीएचएच्या ऑफिसात कागद घेऊन धावलो आहे, आता घरी बसून तूर निवडतो. तीन गोष्टी सांगा, मग हिशोब मांडतो. पहिली, तो सहा लाखांचा बार सगळा तुमच्या नावानं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्स कागद, भरून येतो का? दुसरी, बार कापल्यावर जो चुरा निघतो त्याचं काय करता? तिसरी, झालेल्या शिपिंग बिलांवर ड्रॉबॅकच्या रकान्यात काय भरलं होतं?

टिळकवाडीचा_टग्या
पंचवीस वर्षं धावून तूर निवडतो म्हणजे ड्रॉबॅक मिळाला नाही वाटतं.

जुना_घाटवाला
मिळाला की वो, पण दुसऱ्यांचा.

अथणी_चप्पल
मला एक कळत नाही. आम्ही अथणीहून चपला पाठवतो. कातडं इथलं, शिवायला दोराही इथलाच. परदेशातून सुई पण येत नाही. तरी आमच्या एजंटानं ड्रॉबॅक लावला आणि तो आलाही. मी तर ड्युटी कसलीच भरली नाही. मग हे पैसे कशाचे? उद्या मागे मागणार नाहीत ना?

हिशोबनीस_वडगाव
हे मला तरी चुकीचंच वाटतं. न भरलेल्या कराचा परतावा कसा काय?

जुना_घाटवाला
यात वाद आहे, मी तो मिटवू शकत नाही. टेबलातला दर म्हणजे सगळ्या उद्योगाची सरासरी. पादत्राणं करणारे सगळे मिळून आयात माल किती वापरतात, त्यावर ड्युटी किती लागते, याचा अंदाज घेऊन दिल्ली तो दर ठरवते. म्हणून टेबलाच्या दराला कुणी तुमच्याकडे आयातीचा कागद मागत नाही. तुमच्या शेजाऱ्यानं इटलीचं सोल लावलं काय आणि तुम्ही अथणीचं कातडं लावलं काय, दर तोच. एक गट म्हणतो सरासरीचा अर्थच हा की प्रत्येकाचा हिशोब बघायचा नाही. दुसरा गट नियमातल्या त्या अटीवर बोट ठेवतो की ड्युटी न भरलेल्या मालापासून वस्तू केली असेल तर परतावा नाही. ही अट प्रत्यक्षात कुणाला कुठवर लावायची, यावर भांडणं झाली आहेत. तुम्ही शिपिंग बिलावर जे लिहून दिलं ते खरं आहे एवढं तपासा. एजंट कोरा कागद पुढे करून सही मागत असेल तर तिथे थांबा.

निपाणीची_सून
अथणीवाले, तुमच्या चपलेला भौगोलिक मानांकन आहे ना? कोल्हापुरी म्हणून विकता की अथणीची म्हणून?

अथणी_चप्पल
मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर सगळेच आहेत ताई. गिऱ्हाइकाला कोल्हापुरीच पाहिजे असते. आम्ही शिवतो, नाव पलीकडचं. बेळगावकरांना हे काय नवीन आहे?

टिळकवाडीचा_टग्या
झालं. आता धागा सीमाप्रश्नावर. मी पोहे टाकून येतो.

संपादक_मंडळ
सीमाप्रश्नाला वेगळे सतरा धागे आहेत. इथे ड्रॉबॅकच चालू द्या.

उद्यमबागवाला
घाटवाले काका, उत्तरं देतो. एक, सगळा बार आमच्या नावानं येत नाही. साधारण साठ टक्के आम्ही थेट मागवतो, उरलेला पुण्याच्या स्टॉकिस्टकडून घेतो. पण तोही आयातच आहे, त्याच्या टेस्ट सर्टिफिकेटवर परदेशी मिलचं नाव असतं. दोन, चुरा भंगारवाल्याला जातो, जीएसटी लावून विकतो. एका शिपमेंटमागे साठ हजार येतात म्हणा. तीन, शिपिंग बिलावर सीएचए नेहमीचा टेबलाचा क्रमांक टाकतो. तीन वर्षं तोच.

जुना_घाटवाला
आता कागद घ्या.

आधी कन्सल्टंटचा हिशोब. सहा लाखांवर साडेसात टक्के मूळ कस्टम्स ड्युटी धरली, म्हणजे पंचेचाळीस हजार. त्यावर समाज कल्याण अधिभार दहा टक्के, म्हणजे साडेचार हजार. एकूण साडेएकोणपन्नास हजार. आयात करताना आयजीएसटीही भरला असेल, पण तो तुम्ही क्रेडिटमध्ये घेता, तो इथे येत नाही. टेबलानं वीस लाखांवर दीड टक्का म्हणजे तीस हजार मिळतात. साडेएकोणपन्नासातून तीस गेले, उरले साडेएकोणीस. हेच त्याचे 'वीस हजार'.

पण ब्रँड रेट कुणालाही मागता येत नाही. नियम ७ ची अट आहे की टेबलातून मिळणारी रक्कम खऱ्या ड्युटीच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा कमी हवी. ही ड्युटी मोजताना ऑफिसर आधी चुऱ्याचा रकाना बघतो. सहा लाखांच्या बारातले साठ हजार तुम्ही भंगारातून परत मिळवले, म्हणजे दहा टक्के. तेवढ्या मालावरची ड्युटी वगळायची. साडेएकोणपन्नास हजारातले चार हजार नऊशे पन्नास गेले, उरले ४४,५५०. त्याचे ऐंशी टक्के ३५,६४०. तुमचे तीस हजार त्याहून कमी आहेत, म्हणजे दार उघडं आहे. जास्तीचे मिळतील १४,५५०. वीस नाही.

हे सगळं तेव्हाच, जेव्हा सहाही लाखांच्या ड्युटीचा पुरावा तुमच्या हातात असेल. तो नसला तर काय होतं ते बघा. तुमच्या नावाचा बार साठ टक्के, म्हणजे तीन लाख साठ हजार. त्यावर ड्युटी सत्तावीस हजार, अधिभार सत्तावीसशे, मिळून २९,७००. चुऱ्याचे दहा टक्के काढा, २६,७३०. आता टेबलाचे तीस हजार या आकड्यापेक्षाच जास्त आहेत! ऐंशी टक्क्यांची अट मोजायचीसुद्धा गरज नाही. ब्रँड रेट मागायचा प्रश्नच उरला नाही, उलट तुम्ही टेबलावर फायद्यात आहात.

म्हणजे तुमचा सगळा प्रश्न त्या पुण्याच्या स्टॉकिस्टच्या कागदावर येऊन थांबतो.

हिशोबनीस_वडगाव
आधीची चूक मान्य. पण हे चुऱ्याचं मला पटलं नाही. चुरा विकला तो वेगळा धंदा झाला, त्यावर जीएसटीही भरला. तो ड्रॉबॅकमधून का कापायचा?

जुना_घाटवाला
चुरा परदेशी गेला नाही म्हणून. परतावा आहे तो बाहेर गेलेल्या मालात जे लागलं त्याचा. जे जळून, उडून, वाहून जातं आणि हाताला लागत नाही, ते वापरात धरतात. जे पोत्यात भरून विकता येतं त्याची किंमत वजा होते. डीबीके-१ या कागदात कच्चा माल, परत मिळणारा चुरा आणि न मिळणारा, असे निरनिराळे रकाने त्यासाठीच आहेत. लोक तिथे 'निल' लिहितात आणि तिकडे पुस्तकात भंगाराची विक्री दिसते. अर्ज आपटायची ही सगळ्यात सोपी रीत.

मच्छे_फाउंड्री
आम्ही कास्टिंग करतो, पण स्वतः एक्स्पोर्ट करत नाही. कोल्हापूरचा एक्स्पोर्टर आमच्याकडून माल घेऊन पाठवतो. फेरोसिलिकॉन, निकेल असलं काहीबाही आम्ही इम्पोर्टेडच घेतो. म्हणजे ड्युटी आमच्या खिशातून जाते आणि ड्रॉबॅक तो खाऊलालाय. यावर काय उपाय?

टिळकवाडीचा_टग्या
उपाय म्हणजे सांबरासारखं ओरपणं बंद करायला सांगणं.

जुना_घाटवाला
ड्रॉबॅक शिपिंग बिलावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जातो. तुम्ही तो भावात वसूल करायचा. 'टेबलाचा दर तुला मिळणार आहे, तो धरून मी कोटेशन देतोय' असं स्पष्ट बोला. बाकी दुसरा कागद नाही. आणि त्याला ब्रँड रेट मागायचा झाला तर तो तुमच्याकडेच कागद मागायला येईल, तेव्हा भाव तुमचा.

निपाणीची_सून
मी एका निर्यातदाराकडे डॉक्युमेंटेशन बघते, ब्रँड रेटचे अर्ज केले आहेत. काकांच्या हिशोबात भर घालते. मागच्या तीन वर्षांचं विसरा. ज्या शिपिंग बिलावर टेबलाचा दर मागितला, त्यावर नंतर नियम ७ चा अर्ज चालत नाही, कारण नियमातच तसं आहे. ब्रँड रेट मागणार आहोत हे शिपिंग बिल भरतानाच सांगावं लागतं. शिवाय मुदत लेट एक्स्पोर्ट ऑर्डरच्या, म्हणजे कस्टम्सनं माल बाहेर जायला परवानगी दिल्याच्या, तारखेपासून तीन महिने. पुढे तीन महिने वाढवून मिळतात, एफओबीच्या एक टक्का किंवा हजार रुपये, यातलं जे कमी ती फी भरून. आयुक्तांनी मनावर घेतलं तर आणखी सहा महिने, फी दोन टक्के किंवा दोन हजार. म्हणजे अगदी ताणलं तरी वर्ष. कन्सल्टंट तीन वर्षांचं काढून देणार म्हणजे कुठून काढणार?

आणि अर्ज बेळगावच्या जीएसटी ऑफिसात नाही जायचा. पूर्वी एक्साइजकडे जायचा म्हणून जुने लोक अजून तिकडेच पाठवतात. २०१७ च्या नियमांपासून तो माल जिथून निघाला त्या ठिकाणच्या कस्टम्स आयुक्तांकडे जातो. तुमच्या बाबतीत न्हावा शेवा.

खानापूर_काजू
SB005 सापडलं! इन्व्हॉइस नंबरमध्ये आमच्या पोरानं रिटर्न भरताना शून्याऐवजी 'ओ' टाकला होता. चार महिने एका 'ओ'साठी. काका, काजू पाठवतो.

जुना_घाटवाला
तूर निवडून झाली की काजू निवडतो.

वकील_कॅम्प
निपाणीच्या ताईंचं नियमाबद्दल बरोबर आहे, पण दार अगदीच बंद नाही. कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली शिपिंग बिलात दुरुस्ती मागता येते, निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदाच्या आधारावर. सीएचएनं चुकून टेबलाचा क्रमांक टाकला असं दाखवून बिल बदलून घ्यायचा प्रयत्न लोक करतात.

निपाणीची_सून
वकीलसाहेब, प्रयत्न करतात हे खरं. आमचा एक अर्ज नामंजूर झाला. 'चुकून' कसं म्हणता, तीन वर्षं दर महिन्याला तोच क्रमांक टाकलाय आणि पैसेही घेतलेत, असं विचारलं. उत्तर नव्हतं आमच्याकडे.

वकील_कॅम्प
एका शिपमेंटची चूक आणि छत्तीस शिपमेंटची सवय, फरक आहेच. तरी मी असतो तर अलीकडच्या एक-दोन बिलांपुरता मागून बघितला असता.

निपाणीची_सून
मी नसता मागितला. त्या फायलीत जुना हिशोबही उघडतो. ज्याचं त्यानं ठरवावं.

टिळकवाडीचा_टग्या
दोघांची फी किती ते सांगा, मग आम्ही ठरवतो.

अथणी_चप्पल
मधेच विचारतो. गिऱ्हाइकानं पैसेच नाही दिले तर आलेला ड्रॉबॅक आपलाच ना? माल तर गेला.

जुना_घाटवाला
नाही हो. रिझर्व्ह बँकेनं दिलेल्या मुदतीत परदेशातून पैसे आले नाहीत तर ड्रॉबॅक व्याजासकट परत द्यावा लागतो. पैसे आले की बँकेच्या नोंदीत ते त्याच शिपिंग बिलापुढे चढले का हे बघत जा. पैसे येऊनही नोंद दुसऱ्याच बिलावर चढते आणि वर्षानं नोटीस येते, असं मी स्वतः निस्तरलंय.

उद्यमबागवाला
सगळ्यांचे आभार. दोन दिवस गप्प होतो कारण पुण्याच्या स्टॉकिस्टच्या मागे लागलो होतो. त्याला म्हटलं, तू आम्हाला दिलेला बार ज्या बिल ऑफ एंट्रीनं आला त्याची प्रत दे, आणि तुझ्या इन्व्हॉइसवर त्या बिलाचा नंबर व हीट नंबर टाक. आधी नाहीच म्हणाला. मग म्हणाला, देतो, पण किंमत काळी करून. त्याला वाटतंय की त्याला बार किती स्वस्त पडतो ते आम्हाला कळेल आणि आम्ही भाव पाडून मागू. (आम्ही मागूच, पण ते जाऊ दे.)

काळी केलेली प्रत चालेल का?

निपाणीची_सून
किंमतही काळी आणि ड्युटीही काळी, असं असेल तर ऑफिसरनं मोजायचं काय? किलोमागे ड्युटी किती पडली एवढं तरी निघायला हवं. आणि एक लक्षात घ्या, सहा लाख हा तुमचा आकडा तुमच्या खरेदीवरून काढलेला असेल तर त्यात स्टॉकिस्टचा नफा आहे. ड्युटी त्यानं ज्या किमतीवर भरली तीच धरणार, तुम्ही त्याला दिलेल्या किमतीवर नाही.

उद्यमबागवाला
ताई, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. स्टॉकिस्टकडचे दोन लाख चाळीस हजार ही आमची खरेदी किंमत आहे. त्याला तो माल दोन लाखांना पडला असेल तर?

जुना_घाटवाला
मग मोजा. तुमचे तीन साठ आणि त्याचे दोन, पाच लाख साठ हजार. ड्युटी बेचाळीस हजार, अधिभार बेचाळीसशे, ४६,२००. चुऱ्याचे दहा टक्के गेले, ४१,५८०. ऐंशी टक्के ३३,२६४. तीस हजार अजून खालीच आहेत, म्हणजे पात्र आहात, पण दोरी आवळत चालली आहे. जास्तीचे मिळणार ११,५८०. त्यातून चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट, कागद करणाऱ्याची मजुरी आणि तुमचे न्हावा शेवाचे हेलपाटे वजा करा.

आणि टेबलातला दर दीड हा आपण सोयीसाठी धरलाय. तो बदलला की सगळं बदललं. १.७ झाला तर टेबलानं चौतीस हजार मिळतात आणि ३३,२६४ ची अट तुटते. अर्ज करायच्या दिवशी चालू टेबल उघडून स्वतः बघा.

मच्छे_फाउंड्री
यापेक्षा अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशन घ्या की. ड्युटी भरायचीच नाही, परत मागायचीच नाही.

निपाणीची_सून
ते थेट मागवलेल्या साठ टक्क्यांना बरं पडेल. पण मग निर्यात करून दाखवायची जबाबदारी अंगावर येते आणि त्याच मालावर टेबलाचा ड्रॉबॅकही सुटतो. महिन्याला एक शिपमेंट असणाऱ्यानं आधी तीसचे तीस हजार हातचे जातात की नाही ते बघावं.

हिशोबनीस_वडगाव
एक उरलंच. रोडटेपही मिळतो ना याच्याबरोबर? तो भरताना काय लागतं?

निपाणीची_सून
मिळतो, वेगळी योजना आहे, विजेवरची ड्युटी, डिझेलवरचा व्हॅट असल्या परत न मिळणाऱ्या करांसाठी. आपल्या वस्तूला दर आहे का ते बघा. पण खोड तीच, शिपिंग बिल भरताना `RODTEPY` टाकलं नाही तर नंतर रडून उपयोग नाही. सीएचएला चेकलिस्ट पाठवायला सांगा आणि सबमिट करायच्या आधी स्वतः वाचा. उद्यमबागवाले, तुमची मागची चेकलिस्ट बघितलीत का?

उद्यमबागवाला
आताच बघितली. `RODTEPN` आहे. तीन वर्षं.

टिळकवाडीचा_टग्या
अरे देवा. कन्सल्टंटला परत बोलवू नका म्हणजे झालं.

उद्यमबागवाला
सीएचएला फोन केला. म्हणाला, 'तुम्ही सांगितलं नाही म्हणून टाकलं नाही.' पुढचा कंटेनर चोवीस तारखेला आहे. त्या बिलापुरतं ठरवलंय, `RODTEPY` आणि टेबलाचाच दर. ब्रँड रेटचं स्टॉकिस्टचा कागद उघडा आल्यावर बघू. उद्या पुण्याला निघालोय, त्याला समोर बसवून विचारतो. जाताना कुंदा नेऊ का दोन किलो?

जुना_घाटवाला
कुंदा न्या, पण आधी बिल ऑफ एंट्री हातात घ्या, मग डबा उघडा.